फोटोचे पिक्सेल किती सेंटिमीटर होतात? छापायला देण्याआधीचा हिशोब

तीसेक माणसांचा एक ग्रुप फोटो मला मोठा छापून फ्रेम करायचा होता. रुंदी ४५ सेंटिमीटर, उंची ३०. फोटो मेसेजवरून आलेला. सॉफ्टवेअरमध्ये उघडला तर मापाच्या जागी ५६.४४ × ४२.३३ सेंटिमीटर असं स्वच्छ लिहिलेलं. मी म्हटलं, छप्पन्नमध्ये पंचेचाळीस आरामात बसतात, वर थोडं कापायलाही उरतं. दिला छापायला.

फ्रेम भिंतीवर लागली. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून छान दिसत होती. पण ग्रुप फोटो लांबून कोण बघतं? प्रत्येक जण जवळ गेला, बोट ठेवून स्वतःला शोधायला लागला, आणि बोटाखाली चेहऱ्याऐवजी लापशी निघाली. डोळे म्हणजे काळपट ठिपके.

चूक छपाईची नव्हती. "५६.४४ सेंटिमीटर" हा आकडा मी फोटोचं माप समजलो, आणि खरं तर फोटोला सेंटिमीटरमध्ये माप असतच नाही. त्याच्याकडे फक्त पिक्सेल असतात. सेंटिमीटर तुम्ही ठरवता, एका इंचात किती पिक्सेल बसवायचे हे ठरवून. ते कसं ठरवायचं आणि त्याचा हिशोब कसा करायचा, ते याच फोटोवर खाली करून दाखवतो.

## आधी जवळ काय हवं

मूळ फाइल हवी, म्हणजे कॅमेऱ्यातून किंवा फोनमधून निघालेली पहिली. मेसेजवरून फिरलेली नको. साधा कॅल्क्युलेटर हवा. फोटो कापायला आणि त्यावर माप लिहायला एखादं सॉफ्टवेअर हवं. मी गिंप वापरतो, ते फुकट मिळतं. दुसरं कुठलंही चालेल. आणि एक पट्टी. ही शेवटी लागते, पण विसरली की सगळा हिशोब कागदावरच राहतो.

## १. खरे पिक्सेल मोजा

विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक करून Properties उघडा आणि Details या टॅबमध्ये Dimensions शोधा. मॅकवर फोटो प्रिव्ह्यूमध्ये उघडून Tools > Show Inspector. गिंपमध्ये Image > Image Properties. कमांड लाइनची सवय असेल आणि इमेजमॅजिक टाकलेलं असेल, तर ही एक ओळ पुरते:

```
magick identify -format "%w x %h  %x %U\n" photo.jpg
```

पहिले दोन आकडे म्हणजे रुंदी आणि उंची पिक्सेलमध्ये. पुढचा आकडा म्हणजे फाइलवर लिहिलेलं रेझोल्यूशन; त्याकडे आत्ता बघू नका, त्याचा समाचार पुढच्या पायरीत घेऊ.

माझ्या फोटोचे निघाले १६०० × १२००. ज्याने फोटो काढला होता त्याच्याकडून मूळ फाइल मागवली, तिचे निघाले ४००० × ३०००. फोटो तोच, दृश्य तेच, स्क्रीनवर बघताना फरकही कळत नव्हता. पाठवताना अॅपने तो लहान करून टाकला होता. म्हणून फोटो मागवताना "फोटो म्हणून नको, फाइल किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगायचं, आणि आल्यावर पिक्सेल पुन्हा मोजायचे.

इथे एक बारीक खोड आहे. उभा धरून काढलेला फोटो पुष्कळदा आत आडवाच साठवलेला असतो आणि "दाखवताना फिरवा" अशी खूण फाइलमध्ये असते. काही सॉफ्टवेअर ती खूण मानतात, काही मानत नाहीत. त्यामुळे रुंदी आणि उंचीची अदलाबदल झालेली दिसू शकते. आकडे लिहून घेताना लांब बाजू आणि आखूड बाजू असे लिहा, गोंधळ होत नाही.

## २. फाइलवर लिहिलेल्या ७२ वर विसंबू नका

आता ते ५६.४४ आलं कुठून? फाइलमध्ये पिक्सेलसोबत रेझोल्यूशनची एक नोंद असते: दर इंचाला अमुक पिक्सेल, म्हणजे पीपीआय. ही नुसती चिठ्ठी आहे, डब्यावर चिकटवलेल्या लेबलासारखी. डब्यात काय आहे ते तिच्यामुळे बदलत नाही. माझ्या फाइलमध्ये ती नोंदच नव्हती, आणि नोंद नसली की सॉफ्टवेअर स्वतःच्या मनाने काहीतरी धरतं. त्या सॉफ्टवेअरने ७२ धरलं. १६०० भागिले ७२ म्हणजे २२.२२ इंच, म्हणजेच ५६.४४ सेंटिमीटर. हाच फोटो ९६ धरणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला तर माप ४२.३३ सेंटिमीटर दिसतं. एकाच फाइलची दोन मापं, आणि दोन्हीचा छपाईशी काडीचा संबंध नाही.

७२ हा आकडा जुना आहे. छपाईत आज धरतात तो पॉइंट इंचाचा बहात्तरावा भाग असतो, आणि १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशच्या पडद्यावर दर इंचाला ७२ पिक्सेल होते, म्हणजे एक पिक्सेल बरोबर एक पॉइंट. ते पडदे गेले, आकडा मागे राहिला.

पीएनजी फाइलमध्ये आणखी एक गंमत दिसेल. तुम्ही ३०० लिहून सेव्ह करता आणि पुन्हा उघडल्यावर २९९.९९९४ दिसतं. पीएनजीमध्ये ही नोंद दर मीटरला किती पिक्सेल अशी पूर्णांकात ठेवतात. ३०० पीपीआयचे होतात ११८११, आणि ते परत इंचात आणले की हा अपूर्णांक निघतो. काही बिघडलेलं नाही, सोडून द्या.

तर फाइलमध्ये ७२ असो, ९६ असो की ३००, तो आकडा बाजूला ठेवा. हिशोबात जाणारा पीपीआय आपण निवडायचा.

## ३. किती अंतरावरून बघणार, त्यावरून पीपीआय ठरवा

"छपाईला ३०० लागतं" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. हातात धरून बघायच्या छपाईला ३०० लागतं.

याचं मूळ डोळ्यात आहे. चांगली नजर असलेला माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतके जवळचे दोन ठिपके वेगळे ओळखू शकतो. अंतर वाढलं की त्याच कोनात जास्त जागा मावते, त्यामुळे ठिपके मोठे असले तरी ते एकमेकांत मिसळून सलग दिसतात. गणित सोडवलं की कामाचा एक सोपा नियम मिळतो: ८७०० ला बघण्याच्या अंतराने, सेंटिमीटरमध्ये, भागा. येतो तो पीपीआय पुरेसा.

तीस सेंटिमीटरवरून, म्हणजे पुस्तक धरतो तितक्या अंतरावरून, २९० येतात. प्रसिद्ध ३०० हेच. साठ सेंटिमीटरवरून १४५. एक मीटरवरून ८७. दोन मीटरवरून ४४ सुद्धा चालतात, म्हणूनच रस्त्यावरचे मोठे फलक जवळून ठोकळ्यांसारखे दिसतात आणि लांबून सुरेख.

माझी फसगत नेमकी इथे झाली होती. माझ्या छपाईत किती पीपीआय पडले ते पुढे काढून दाखवतो, पण उत्तर आधीच सांगतो: ९०. एक मीटरवरून बघायला पुरेसे, आणि लांबून फ्रेम खरंच ठीक दिसत होती. पण ग्रुप फोटो, नकाशा किंवा बारीक अक्षरांचा तक्ता भिंतीवर असला तरी माणूस नाक लावून बघतो. म्हणून अंतर ठरवताना फ्रेम कुठे टांगणार हे न बघता माणूस तिच्यासमोर कुठे उभा राहील हे बघा. डोंगराच्या फोटोला मी एक मीटर धरेन, ग्रुप फोटोला चाळीस सेंटिमीटर. चाळीसने ८७०० ला भागलं की २१८ येतात. म्हणजे मला २०० च्या वर काहीतरी हवं होतं.

एक शब्द इथे हमखास घोटाळा करतो: डीपीआय. बोलताना लोक पीपीआय आणि डीपीआय एकच समजून वापरतात, आणि "३०० डीपीआयची फाइल द्या" असं कुणी म्हटलं तर त्याला पीपीआयच म्हणायचं असतं. पण प्रिंटरच्या खोक्यावर १२०० किंवा ४८०० डीपीआय लिहिलेलं असतं ते वेगळं. ते शाईचे ठिपके. एका पिक्सेलचा रंग उमटवायला प्रिंटर असे अनेक ठिपके टाकतो. तो आकडा आपल्या हिशोबात चुकूनही घालू नका. घातला तर ४००० पिक्सेलचा फोटो साडेआठ सेंटिमीटरचा होईल आणि तुम्ही हताश होऊन बसाल.

## ४. आता भागाकार

सूत्र एवढंच आहे:

```
cm = px / ppi * 2.54
```

आधी पिक्सेलना पीपीआयने भागलं की इंच मिळतात, इंचांना २.५४ ने गुणलं की सेंटिमीटर. इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर हे सुमारे नाही, बरोबर आहे. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून इंचाची व्याख्याच तशी आहे. त्यामुळे या पायरीत चूक फक्त तुमच्याकडून होऊ शकते.

मूळ फोटो ४००० × ३०००, पीपीआय ३००. लांब बाजू: ४००० भागिले ३०० म्हणजे १३.३३ इंच, गुणिले २.५४ म्हणजे ३३.८७ सेंटिमीटर. आखूड बाजू: ३००० भागिले ३०० म्हणजे १० इंच, म्हणजे २५.४ सेंटिमीटर. म्हणजे हातात धरून बघण्याच्या दर्जाने हा फोटो साधारण ३४ × २५ सेंटिमीटरपर्यंत जातो. पीपीआय २०० घेतला तर तोच ५०.८ × ३८.१ होतो, आणि १५० घेतला तर ६७.७ × ५०.८.

मेसेजवरून आलेला १६०० × १२०० चा फोटो ३०० ला? १३.५५ × १०.१६ सेंटिमीटर. ५६ नव्हे, साडेतेरा. मी छापायच्या आधी हा एक भागाकार केला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

कॅल्क्युलेटर जवळ नसेल तेव्हासाठी मला आवडणारी एक युक्ती आहे. पीपीआय २५४ घ्या. तेव्हा एका सेंटिमीटरमध्ये बरोबर १०० पिक्सेल बसतात, म्हणजे पिक्सेलच्या आकड्यातली शेवटची दोन शून्यं पुसली की सेंटिमीटर. ४००० × ३००० चा फोटो ४० × ३०. १६०० × १२०० चा १६ × १२. २५४ आणि ३०० मध्ये फार फरक नाही. ३०० चंच माप हवं असेल तर आलेल्या उत्तरातून १५ टक्के वजा करा. बाजारात उभं राहून "हा केवढा छापता येईल?" याचं उत्तर यावरून दोन सेकंदांत देता येतं.

चुका दोन होतात. एक, २.५४ ने गुणण्याऐवजी भागलं जातं. ताडून बघायची खूण अशी की सेंटिमीटरचा आकडा इंचांपेक्षा नेहमी मोठा यायला हवा. दुसरी, मेगापिक्सेलचा आकडा घेऊन लोक भागायला बसतात. १२ मेगापिक्सेल म्हणजे ४००० आणि ३००० चा गुणाकार, ते क्षेत्रफळ झालं. हिशोब नेहमी एकेका बाजूचा करायचा.

## ५. माप ठरलेलं असेल तर हिशोब उलटा करा

बहुतेक वेळा फ्रेम आधी आणलेली असते किंवा जागा ठरलेली असते. तेव्हा "किती सेंटिमीटर होतील" हा प्रश्नच नसतो. "या मापाला माझ्या फोटोचे किती पीपीआय पडतील" हा प्रश्न असतो. सूत्र तेच, फिरवून:

```
ppi = px / cm * 2.54
```

माझी फ्रेम ४५ सेंटिमीटरची. मेसेजवरच्या फोटोचे १६०० पिक्सेल भागिले ४५ म्हणजे सेंटिमीटरला ३५.५६ पिक्सेल. गुणिले २.५४ म्हणजे ९०.३ पीपीआय. मूळ फाइलचे ४००० भागिले ४५ म्हणजे सेंटिमीटरला ८८.८९, आणि पीपीआय २२५.८. मला २१८ हवे होते. मूळ फाइल पास, मेसेजवरची नापास.

या आकड्यांमध्ये लापशीही मोजता येते. लहान फोटोत एकेका माणसाचा चेहरा सुमारे ५० पिक्सेल रुंद होता. सेंटिमीटरला ३५.५६ पिक्सेल असताना तो कागदावर १.४ सेंटिमीटर उतरला. चित्रकार चेहऱ्याची रुंदी पाच डोळ्यांची धरतात. म्हणजे एका डोळ्याला १० पिक्सेल, आणि त्यात पापणी, बुबुळ, पांढरा भाग सगळं आलं. दहा ठोकळ्यांत डोळा कसा काढणार? मूळ फाइलमध्ये तोच चेहरा १२५ पिक्सेलचा आणि डोळा २५ पिक्सेलचा. कागदावर आकार तेवढाच, १.४ सेंटिमीटर, पण आता नजर कुठे आहे ते कळतं. फोटोतली सगळ्यात बारीक महत्त्वाची गोष्ट शोधून तिचे पिक्सेल असे मोजून बघा. पीपीआयचा आकडा जे सांगत नाही ते यातून कळतं.

## ६. फोटोचा आकार आणि फ्रेमचा आकार जुळवा

४००० × ३००० म्हणजे चारास तीन. ४५ × ३० म्हणजे तिनास दोन. हे जुळत नाहीत, आणि न जुळणाऱ्या फोटोबद्दल छापणाऱ्याला काही सांगितलं नाही तर तो एक तर कडेला पांढऱ्या पट्ट्या सोडेल किंवा स्वतःच्या अंदाजाने कापेल. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या उंच माणसाचं डोकं जातं ते असंच. म्हणून आपणच कापावं.

सेंटिमीटरला ८८.८९ पिक्सेल आहेत, तेव्हा ३० सेंटिमीटर उंचीला २६६७ पिक्सेल लागतील. म्हणजे ३००० मधले ३३३ पिक्सेल कापायचे. वरून किती आणि खालून किती ते तुम्ही बघा. मी बहुतेक सगळे खालून, पायांकडून कापले. गिंपमध्ये क्रॉपचं साधन घेऊन Fixed वर खूण करा, शेजारी Aspect ratio निवडा आणि 3:2 लिहा. मग चौकट कशीही ओढली तरी प्रमाण सुटत नाही.

छापून झाल्यावर कागद कडेपर्यंत कापला जाणार असेल, तर कापणीसाठी चारी बाजूंना थोडं चित्र जास्त ठेवायला सांगतात, सहसा ३ मिलिमीटर. याला ब्लीड म्हणतात. तेव्हा हिशोब ४५ × ३० चा न करता ४५.६ × ३०.६ चा करावा लागतो. ४००० भागिले ४५.६ म्हणजे सेंटिमीटरला ८७.७२, आणि उंचीला २६८५ पिक्सेल. अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्यायचा. फ्रेममध्ये जाणाऱ्या फोटोला ब्लीड लागत नाही, पण फ्रेमचा काठ कडेचे काही मिलिमीटर झाकतो. कडेला उभ्या माणसाचा खांदा त्याखाली जातोय का, एवढं बघून घ्या.

## ७. फाइलवर आकडा लिहा, पिक्सेलना हात न लावता

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या पायरीवर होतं, कारण इथे झालेली चूक दिसत नाही.

समजा कुणी म्हणालं, "तुमची फाइल ७२ ची आहे, ३०० ची करून द्या." तुम्ही फोटोशॉपमध्ये Image > Image Size उघडता, 72 च्या जागी 300 लिहिता आणि OK दाबता. खिडकीत Resample वर खूण असेल, तर १६०० पिक्सेलचा फोटो ६६६७ पिक्सेलचा होतो. माप तेच ५६.४४ सेंटिमीटर, रेझोल्यूशन ३००, फाइल फुगलेली, समोरचाही खूश. पण मधले पाच हजार पिक्सेल सॉफ्टवेअरने शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले असतात. डोळ्याचे दहा पिक्सेल आता बेचाळीस झाले, आणि तरी डोळा दिसत नाही. फक्त ठोकळ्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या.

Resample ची खूण काढून 300 लिहिलं तर पिक्सेल १६०० च राहतात आणि माप १३.५५ सेंटिमीटर होतं. लेबल बदललं, डब्यातलं धान्य तेवढंच. आपल्याला हेच हवं असतं. गिंपमध्ये या दोन गोष्टींसाठी दोन वेगळ्या खिडक्या आहेत, त्यामुळे गोंधळ कमी होतो: Image > Print Size फक्त लेबल बदलते, Image > Scale Image पिक्सेल बदलते. आपण पहिलीतच जायचं. तिथे रुंदीला 45 सेंटिमीटर लिहिलं की रेझोल्यूशनच्या रकान्यात 225.8 आपोआप येईल. तो आकडा तुमच्या हिशोबाशी जुळतोय का बघा.

जेपेग फाइल पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडी खराब होते. कापाकापी करायचीच असेल तर इलाज नाही, एकदा सेव्ह होणारच. पण नुसतं लेबल बदलायचं असेल, तर कमांड लाइनवर चालणारं एक्झिफटूल चित्राला न शिवता ते बदलतं:

```
exiftool -XResolution=226 -YResolution=226 -ResolutionUnit=inches photo.jpg
```

जुनी फाइल ते photo.jpg_original या नावाने बाजूला ठेवतं. चुकलं तर परत यायला वाट आहे.

काम झालं की पहिल्या पायरीवर जाऊन पिक्सेल पुन्हा मोजा. आकडा कापल्यानंतरच्या आकड्याइतकाच, इथे ४००० × २६६७, असायला हवा. वाढलेला दिसला तर कुठेतरी Resample झालंय.

## ८. एक तुकडा छापा आणि पट्टी लावा

पूर्ण फोटो छापण्याआधी त्याचा दहा सेंटिमीटरचा तुकडा साध्या कागदावर छापून बघा. सेंटिमीटरला ८८.८९ पिक्सेल, तेव्हा दहा सेंटिमीटरला ८८९. चेहऱ्यांच्या मधोमध ८८९ × ८८९ चा चौकोन कापा, वेगळ्या नावाने सेव्ह करा, त्यावर 225.8 चं लेबल लावा आणि घरच्या किंवा कुठल्याही प्रिंटरवर छापा. छापताना Fit to page किंवा तसा पर्याय बंद करून Actual size किंवा 100% निवडायचं. तो पर्याय चालू राहिला तर प्रिंटर तुमचा चौकोन कागदाला पुरेल एवढा ताणतो आणि सगळं मुसळ केरात.

आता पट्टी. चौकोनाची बाजू १० सेंटिमीटर भरायला हवी. १९ च्या आसपास भरली तर कागदावर ताणलं गेलंय. तीन पटींहून थोडी जास्त मोठी वाटली, कागदाबाहेर गेली, तर लेबल लागलंच नाही आणि प्रिंटरने ७२ धरलं. नऊ साडेनऊ भरली तर समासात बसवायला प्रिंटरने चित्र थोडं आकसलंय. १० भरली तर तो तुकडा भिंतीवर फ्रेमच्या जागी चिकटवा, चाळीस सेंटिमीटरवर उभे राहा आणि चेहरे बघा.

मी दुसऱ्या खेपेला दोन्ही फाइलींचे तुकडे शेजारी शेजारी चिकटवले होते, लहान फाइलचा ३५६ पिक्सेलचा आणि मोठीचा ८८९ चा. दोन्ही दहा सेंटिमीटरचे. दारातून दोन्ही सारखेच दिसत होते. चार पावलं पुढे गेल्यावर डावा पुसट व्हायला लागला, आणि हात पोचेल एवढ्या अंतरावर गेल्यावर उजव्यात दुसऱ्या रांगेतल्या एकाने डोळे मिटलेले आहेत हेही कळत होतं.